मदत हवी आहे: फ्रेंच चिठ्ठीतल्या एका शब्दाचा अर्थ

नमस्कार, सांगलीहून. लेकीच्या फ्रेंच शिकवणीच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली: ‘व्होत्र फीय आ फे दे प्रोग्रे सांसीब्ल आ लोराल.’ इंग्रजीच्या सवयीनं ‘सांसीब्ल’ मी समंजस असं वाचलं! कोशात पाहिलं तर इथे ‘ठळक, जाणवण्याजोगी’. म्हणजे तोंडी फ्रेंचमध्ये ठळक प्रगती. आजीनं लगेच साखर वाटली.

अडलंय पुढच्या ओळीत: ‘मे आतांस्यों ओझाक्सां.’ म्हणजे, पण ‘आक्सां’कडे लक्ष द्या. हे उच्चारातली ढब की अक्षरांवरच्या खुणा? लेकीच्या वहीत ‘ऊ’ म्हणजे ‘किंवा’ आणि ‘ऊ’ म्हणजे ‘कुठे’ सारखेच लिहिलेत. दुसऱ्यावरची तिरकी रेघ गायब. म्हणून मला खुणाच वाटतात. जाणकार सांगतील का?