बखरीतला ‘बाण’ म्हणजे नेमका कुठला?

पानाचा_कोपरा: अठराव्या शतकातल्या लढायांची जुनी मराठी वर्णनं वाचतोय. तोफा, जेजाला, सुतरनाळा आणि ‘बाण’ ही नावं एका दमात येतात. जेजाला म्हणजे लांब पल्ल्याच्या जड बंदुका आणि सुतरनाळा म्हणजे उंटावरच्या छोट्या तोफा, एवढं कळलं. पण पेशवाईच्या ऐन भरात, हाताशी बंदुका असताना, धनुष्यबाण कोण घेऊन बसलं होतं? बरं, हे बाण ‘सुटतात’ आणि त्यांनी हत्ती-घोडे बिथरतात. साध्या बाणाने अख्खा घोडदळाचा थवा उधळतो का?

जुन्या_कागदांचा: हा बाण दारूचा. आज आपण ज्याला रॉकेट म्हणतो तो. त्या काळच्या लेखनात धनुष्याचा असेल तर बहुतेक ‘तीर’ लिहितात. तीरंदाज आणि तिरकमठा हे शब्द त्याच घरातले. ‘बाणदार’ म्हटलं की मात्र खांद्यावर वेळूच्या काठ्या लावलेल्या नळ्या घेऊन चालणारा माणूस समजायचा. एक सोपी खूण सांगतो. यादीत शेजारी कोण बसलंय ते पाहा. तोफ, जेजाल, सुतरनाळ यांच्या पंगतीत बाण असेल तर तो दारूचाच. ढाल, तलवार, भाला यांच्या पंगतीत असेल तर थोडं थांबून मागचंपुढचं वाचा.

ओंकारेश्वरचा_भाचा: आमच्याकडे बाण म्हणजे नर्मदेतला गुळगुळीत दगड, देवघरात शाळुंकेवर ठेवतात तो. आजोबा नेहमी ‘बाण आणला’ म्हणायचे. लढाईत तो गोफणीतून मारत असतील का?

जुन्या_कागदांचा: तो बाणलिंगाचा बाण. त्याला लढाईत नेऊ नका, घरचे रागावतील.

मैसूरप्रेमी: यात मराठी बखरींचा काय संबंध? रॉकेटचा शोध टिपू सुलतानाने लावला. त्याच्याआधी जगात रॉकेट नव्हतं. इंग्रजांनी ते चोरून नेलं आणि स्वतःच्या नावावर खपवलं.

जुन्या_कागदांचा: यातलं अर्धं बरोबर आहे, आणि तेच अर्धं महत्त्वाचं आहे. रॉकेट टिपूच्या कितीतरी आधीचं. चीनमध्ये तेराव्या शतकात ‘जमिनीवरचा उंदीर’ नावाचं शोभेचं दारूकाम होतं. पेटवलं की ते जमिनीवर सैरावैरा पळायचं. सम्राट लिझोंगच्या दरबारी मेजवानीत असा एक उंदीर थेट राजमातेच्या आसनाकडे धावला आणि ती घाबरून उठून गेली, अशी नोंद आहे. नळीच्या एका टोकातून जाळ बाहेर पडला की नळी उलट्या दिशेला पळते, हे माणसाच्या ध्यानात आलं ते अशा खेळातूनच. पुढे त्याला काठी बांधून आकाशात सोडणं फार लांब नव्हतं.

आपल्याकडेही टिपूच्या शंभर वर्षं आधी लढाईत बाण आहेत. १६५७ साली औरंगजेबाने बिदरला वेढा घातला होता. मोगलांकडून आलेल्या एका बाणाची ठिणगी बुरुजामागे साठवलेल्या दारूगोळ्यावर पडली. त्या भडक्यात किल्लेदार सिद्दी मर्जान जबर भाजला आणि किल्ला पडला. हैदर अलीचा बाप फतह मुहम्मद अर्काटच्या नवाबाकडे पन्नास बाणदारांचा नाईक होता असं सांगतात. म्हणजे हैदरच्या घरात बाण वडिलोपार्जित होता.

म्हैसूरने काय केलं? नळी लोखंडाची केली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा फरक तिथेच पडला.

पानाचा_कोपरा: लोखंडाने एवढं काय होतं? उलट नळी जड होणार, मग ती कमी उडायला हवी ना?

आतषबाजी_सांगली: यावर मी बोलू का? आमच्या घरात तीन पिढ्या जत्रेचं दारूकाम होतं. आता परवाने, नियम, कटकटी, त्यामुळे बंद केलं. आमच्याकडे त्याला बाण नाही, ‘हवई’ म्हणायचे. आज्याच्या हातची हवई सरळ जायची, चुलत्याची वाकडी.

नळी कागदाची. कागदाला खळ लावून गुंडाळायचा, सावलीत वाळवायचा. एका तोंडाशी माती ठोकून बारीक भोक ठेवायचं आणि वरून दारू थोडीथोडी घालून ठोकत जायचं. मधोमध एक निमुळती पोकळी राहिली पाहिजे. ती नसेल तर दारू फक्त तोंडाशी जळते, हवई फुसफुसते आणि उडतच नाही. पोकळी असली की आतली सगळी भिंत एकदम पेटते आणि भपकन धूर सुटतो. पण त्याच वेळी नळीवर आतून जोर येतो. ठोकताना दारूला तडा गेला असेल तर जाळ त्या तड्यात शिरतो आणि हवई हातभरही न उडता फुटते. कागदाची नळी मोठी करायला गेलं की हे हमखास होतं. आज्या म्हणायचा, हवईला मोठेपण सोसत नाही. आम्ही मोठी केली की वरून सुतळीचे वेढे घालायचो, तरी एका मापापुढे जायचो नाही.

जुन्या_कागदांचा: सांगलीकरांनी माझं काम हलकं केलं. अडचण तीच होती. कागद किंवा वेळू आतला दाब सोसत नाही, म्हणून दारू कमी, म्हणून पल्ला कमी. म्हैसूरच्या लोहारांनी मऊ, घडीव लोखंडाचा पत्रा वळून नळी केली. ती दाब सोसते. मग दारू जास्त आणि घट्ट ठासता येते, जाळ जोरात बाहेर पडतो, आणि नळीचं जास्तीचं वजन उचलूनही वर ताकद शिल्लक उरते. सुमारे अर्धा किलो दारूचा बाण नऊशे मीटरच्या आसपास जायचा असा अंदाज आहे. त्या काळची साधी बंदूक शंभर मीटरपलीकडे नेमकी लागायची नाही, हे लक्षात घ्या.

त्यातले दोन बाण इंग्लंडमध्ये वुलिचच्या तोफखाना संग्रहालयात होते आणि त्यांची मापं नोंदलेली आहेत. एकाची नळी सुमारे २५ सेंमी लांब आणि ६ सेंमी जाड, तिला चक्क मीटरभर लांबीचं सरळ तलवारीचं पातं बांधलेलं. दुसऱ्याची नळी २० सेंमीची, जेमतेम ४ सेंमी जाड. ती कातड्याच्या वाद्यांनी जवळजवळ दोन मीटरच्या वेळूला आवळलेली. वेळू शोभेसाठी नसतो. तो मागे लोंबता असला की नळीचं तोंड पुढेच राहतं. छोटा केला तर बाण हवेत कोलांट्या घेतो.

उगाच_शंका: म्हणजे नेम धरता यायचा?

जुन्या_कागदांचा: एका बाणाचा नेम धरणं अवघड. नळीची जाडी आणि समोरच्याचं अंतर पाहून कोन किती ठेवायचा याचं शिक्षण बाणदारांना होतं, आणि गाड्यांवरून पाच-दहा बाण एकदम सोडण्याची सोय होती. पण वारा आला, काठी वाकडी असली, दारू एका अंगाला जास्त जळली, की बाण भलतीकडे. स्वतःच्याच माणसांत वळण्याची धास्ती कायम. म्हणून ते शेकड्याने सोडायचे, आणि समोर दाटीने उभी फौज, बैल, घोडे असले की मग नेमाची फार गरज उरत नसे. काही बाण मुद्दाम जमिनीलगत सोडत. ते सापासारखे सळसळत रांगेत घुसत.

मैसूरप्रेमी: पोल्लिलूरचं सांगा ना मग! १० सप्टेंबर १७८०. कर्नल बेलीची अख्खी तुकडी संपली, बेली कैद झाला. बाणाने इंग्रजांचे दारूचे गाडे उडवले. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतल्या भिंतीवर चित्र आहे, मी स्वतः पाहिलंय. इंग्रज फौजेच्या चौकोनाच्या मधोमध स्फोट, आणि पालखीत बसलेला बेली.

जुन्या_कागदांचा: चित्र तुम्ही म्हणता तसंच आहे. लोखंडी नळ्यांच्या बाणांची पहिली मोठी लढाई म्हणून पोल्लिलूरचंच नाव घेतात, त्याबद्दल वाद नाही. पण ते गाडे बाणाने पेटले की हैदरच्या तोफेच्या गोळ्याने, यावर एकमत नाही. तिथे तोफाही भरपूर होत्या.

उगाच_शंका: एका ठिणगीचं श्रेय कुणाचं, हे अडीचशे वर्षांनी ठरवायचं कसं? मला तर बाणाचंच वाटतं. गोळा गाडी फोडतो, पेटवत नाही.

जुन्या_कागदांचा: पोकळ, फुटणारा गोळा असेल तर पेटवतोही. असो. १७९९ चं प्रकरण जास्त स्पष्ट आहे. ५ एप्रिलच्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या आमराईत आर्थर वेलस्ली अंधारात घुसला आणि बंदुका व बाणांच्या माऱ्यात त्याच्या तुकडीची पांगापांग झाली. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. महिन्याभरात किल्ला पडला आणि बाण इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हने वुलिचमध्ये त्यावर प्रयोग केले, १८०६ साली बुलोन्यवर आणि १८०७ साली कोपनहेगनवर त्याचे बाण पडले. ‘चोरी’ म्हणायची तर म्हणा, पण त्याने नळी, दारू, काठी यांची मापं ठरवून सगळं एका साच्यात आणलं, हेही खरं.

पानाचा_कोपरा: मराठे यात कुठे आहेत?

जुन्या_कागदांचा: दोन्हीकडे. मराठ्यांकडे बाणदार होतेच. आणि १७९० ते १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन कंपनीच्या बाजूने होते, म्हणजे म्हैसूरचे लोखंडी बाण मराठी फौजांनीही पाहिलेले आहेत. त्याच काळात सवाई माधवरावांच्या दरबारात महादजी शिंद्यांनी राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीतल्या ‘दारूच्या लंके’चं वर्णन केल्याची हकिकत बखरीत आहे. मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, सगळे दारूचे, आणि हनुमानाच्या शेपटीला बत्ती लागली की लंका पेटणार. पेशव्यांनी तसलाच खेळ पुण्यात पर्वतीला करवला. लढाईची दारू आणि सणाची दारू तेव्हा एकमेकींपासून फार दूर नव्हती. बंगळूरमध्ये बाणांच्या कारखान्याची पेठ होती, तिचं नाव तारामंडळपेठ.

आतषबाजी_सांगली: तारामंडळ आमच्याकडे आकाशात फुटून चांदण्या पडणाऱ्या नगाला म्हणायचे! लढाईच्या कारखान्याला ते नाव?

उगाच_शंका: खरं आश्चर्य तर नगरच्या विहिरीचं. अहमदनगर नव्हे, कर्नाटकातलं शिवमोगा जिल्ह्यातलं नगर, जुनं बिदनूर. २०१८ साली तिथल्या कोरड्या विहिरीतून हजाराहून जास्त लोखंडी बाण निघाले. गाळाला दारूचा वास येत होता म्हणून खणलं म्हणतात. आता ते शिवमोग्याच्या संग्रहालयात आहेत.

पानाचा_कोपरा: मग टीपेत ‘बाण: दारूची नळी, काठी लावून सोडायचे अस्त्र’ असं लिहितो. ‘लोखंडी’ लिहू की नको?

जुन्या_कागदांचा: मजकूर म्हैसूरच्या फौजेबद्दल असेल तर लिहा. बाकी ठिकाणी नुसतं ‘नळी’ ठेवा.

ओंकारेश्वरचा_भाचा: आणि हवई? ती ‘हवा’वरून, की आणखी कुठून?

आतषबाजी_सांगली: आज्या तर ‘हवाई’ म्हणणाऱ्याला हसायचा. हवई म्हणजे हवईच.