मदत हवी आहे: तीन डबे, एक चिया, एक सब्जा, एक जवस. फोटो बघून सांगा

राधिका_मंगळवारपेठ · सकाळी ९:१०
परवा फडताळ आवरताना तीन पुड्या तीन डब्यांत ओतल्या आणि पाकिटं टाकून दिली. चिया, सब्जा आणि जवस आणलं होतं एवढं नक्की. आता कुठल्या डब्यात काय आहे ते कळत नाही. फोटो टाकलाय, डावीकडून १, २, ३. बाबांना द्यायचंय, दुपारच्या आत कळलं तर बरं.

पन्हाळ्याचा_वारा · ९:२४
१ म्हणजे जवस, तपकिरी आणि चपटं आहे. २ आणि ३ दोन्ही सब्जाच दिसतात. चिया म्हणजे सब्जाचंच परदेशी नाव, दुकानदार जास्त भावानं विकतात एवढंच. पाण्यात टाका, फुगलं की सब्जा.

दाणेबाजार_लक्ष्मीपुरी · ९:४०
वारा दादा, जवसाचं बरोबर ओळखलंत, पण पुढचं नाही. सब्जा ही आपल्या तुळशीच्या घराण्यातली वनस्पती, चिया मेक्सिकोकडची, दोन्ही वेगळ्या. आणि फुगतात दोन्ही, त्यामुळे नुसतं ‘फुगलं’ म्हणून काही ठरत नाही.

राधिकाताई, फोटो ट्यूबलाइटखाली स्टीलच्या वाट्यांत काढलाय. स्टीलच्या चकाकीनं काळा दाणा आणि करडा दाणा सारखाच दिसतो. असं करा: पांढऱ्या कागदावर प्रत्येकाची चिमूटभर पसरा, शेजारी मोहरीचे दोन-तीन दाणे आणि एक तांदूळ ठेवा, खिडकीजवळ फ्लॅश न लावता फोटो काढा. मोबाइलवर दाण्यावर बोट टेकवा म्हणजे फोकस तिथं बसेल. बाबांना नक्की काय द्यायचंय तेही सांगा, म्हणजे खाण्याचं सांगता येईल.

कोकिळा_ताराबाईपार्क · ९:५२
काळ्या रंगाचं आहे, म्हणजे कारळे नाही ना? आमच्याकडे सुकी चटणी कारळ्याचीच होते. एकदा सासूबाईंनी कारळे भाजायला घेतले आणि कढईत सब्जा निघाला.

दाणेबाजार_लक्ष्मीपुरी · १०:०१
कोकिळाताई, कारळे बारीक, लांबट आणि टोकदार असतात, चकाकतात. मोहरीशेजारी ठेवलेत की लगेच ओळखू येतील. पण त्यांनी कारळे आणलेच नाहीत, त्यामुळे ते बाजूला ठेवू.

राधिका_मंगळवारपेठ · १०:१८
नवा फोटो टाकला. मोहरी ठेवली. डॉक्टरांनी बाबांना जवस सांगितलंय. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. ते काल रात्री वाटीत होतं तेच चमचाभर कोरडं तोंडात टाकून वर पाणी प्याले आणि ठसका लागला, म्हणून घाई आहे.

मीनल_नागाळा · १०:२६
राधिका, हे आधी सांगायला हवं होतंस! कुठल्या वाटीतलं? बाबांना आत्ता गिळताना काही अडतंय का? थुंकीसुद्धा उतरत नसेल किंवा छातीत अडकल्यासारखं वाटत असेल तर अजून पाणी पाजू नकोस, थेट डॉक्टरांकडे ने. 2014 मध्ये अमेरिकेत पोटविकार तज्ज्ञांच्या परिषदेत एका माणसाची केस मांडली होती. त्यानं चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यालं आणि तो फुगून अन्ननलिकेतच अडकला. दुर्बिणीनं थोडा थोडा पोटात ढकलावा लागला होता.

राधिका_मंगळवारपेठ · १०:३५
वाटी ३ मधलं. आत्ता ते व्यवस्थित आहेत, चहा आणि पोहे खाल्ले, काही अडत नाही. रात्रीच ठसका थांबला होता. तरी डॉक्टरांना फोन करून ठेवला.

दाणेबाजार_लक्ष्मीपुरी · १०:५०
बाबांचं ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. आता नवा फोटो बघून सांगतो.

वाटी १ जवस. मोहरीपेक्षा बराच मोठा दाणा, चार-पाच मिलिमीटरचा, चपटा, एका बाजूला टोक, आणि वरची चकाकी बघा, पॉलिश केल्यासारखी. याबद्दल मला शंका नाही.

वाटी २ आणि ३ जवळपास सारख्याच आकाराच्या, मोहरीहून जरा लांबट, म्हणून मोजमापानं फरक कळणार नाही. रंग बघायचा. वाटी २ मधला प्रत्येक दाणा एकसारखा काळाभोर आणि मंद, त्यावर रेघ नाही, ठिपका नाही. वाटी ३ मधल्या दाण्याला फोटो मोठा करून बघा: करड्या अंगावर काळ्या-पांढऱ्या वळ्या आहेत, आणि मधूनमधून काही पांढरे दाणेही दिसतात. ही नक्षी सब्ज्यावर येत नाही. म्हणून २ सब्जा आणि ३ चिया असं माझं मत, पण फोटोवर अवलंबून राहू नका. तीन काचेचे ग्लास घ्या, प्रत्येकात अर्धा ग्लास साधं पाणी, प्रत्येकात एकेक चहाचा चमचा दाणे. ढवळा, दोन मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर गोळा होऊन तळाला बसतात. पाच मिनिटांनी आणि वीस मिनिटांनी समोरून फोटो काढा.

उन्हाळा_आला · १०:५८
काय ओ, सब्जाला एवढं काय शोधायचं? लिंबू सरबतात घाला आणि प्या. उन्हाळ्यात रंकाळ्यावर फिरून आलं की आम्ही सब्जा घातलेलंच सरबत पितो, अंगातली उष्णता लगेच कमी होते. बाबांनाही तेच द्या.

मीनल_नागाळा · ११:०६
दादा, बाबांना सब्जा नकोय, जवस हवंय. आणि सरबतात साखर जाते, त्यांना मधुमेह आहे.

उन्हाळा_आला · ११:०९
साखर न घालता प्यायचं मग. सब्जा थंड, जवस गरम. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला गरम कशाला द्यायचं, एवढंच माझं म्हणणं.

हळीववाली_आजी · ११:१५
बाळंतिणीला हळीव द्यावेत, नारळाच्या पाण्यात भिजवून, गूळ आणि ओलं खोबरं घालून लाडू करावेत. हळीव लालसर असतात आणि तेही असेच बुळबुळीत होतात. माझ्या सुनेला दोन्ही बाळंतपणांत दिले होते.

राधिका_मंगळवारपेठ · ११:४४
आजी, घरात बाळंतीण नाही हो, बाबांसाठी विचारतेय. ग्लासांचे फोटो टाकलेत.
१ मध्ये पाच मिनिटांनी काहीच झालं नाही, दाणे तळाला गेले. वीस मिनिटांनी दाणे तसेच चपटे, पण पाणी चिकट झालं, चमचा उचलला की तार येते.
२ मध्ये तीन-चार मिनिटांतच प्रत्येक दाण्याभोवती धुरकट निळसर गोल आलं, मध्ये काळा ठिपका. ढवळलं तरी दाणे सुटे सुटे फिरतात.
३ मध्ये पाच मिनिटांनी थोडंच फुगलं. वीस मिनिटांनी सगळं ग्लासात एकत्र घट्ट झालंय, ग्लास तिरका केला तर हळूहळू सरकतं. दाण्याभोवतीचा थर काचेसारखा, आतली नक्षी दिसते. पण त्यातले पाच-सहा दाणे २ सारखे मोठे निळसर गोल झालेत. ते काय?

दाणेबाजार_लक्ष्मीपुरी · १२:०५
ठरलं मग. १ जवस, २ सब्जा, ३ चिया. बाबांनी काल जवस समजून कोरडा चिया खाल्ला होता. तो भिजल्यावर वजनाच्या दहापट पाणी धरू शकतो, म्हणून तो कोरडा चमचाभर गिळायचा नाही. सब्जाही कोरडा खायचा नसतो.

त्या पाच-सहा दाण्यांबद्दल: ते सब्ज्याचेच दिसतात, त्यांची गोलं तशीच आहेत. पुड्या ओतताना हाताला लागून गेले असतील.

पन्हाळ्याचा_वारा · १२:१२
की दुकानदारानंच मिसळले? चियाचा भाव जास्त असतो. फोटोत नुसते तपकिरी, बिननक्षीचे दाणेही दिसतात, ती पण भेसळच.

दाणेबाजार_लक्ष्मीपुरी · १२:२०
दादा, मीही दुकानदारच आहे. बिननक्षीचे तपकिरी दाणे म्हणजे बऱ्याचदा न पिकलेला चिया, तो जरा कमी फुगतो. भेसळ करायची तर पाच-सहा दाणे कोण मिसळेल, मूठभर मिसळतील. पण बाजारात सब्ज्याच्या पाकिटावर चिया लिहिलेलं मी पाहिलंय, त्यामुळे तुमचा संशय पूर्ण खोडून काढत नाही. राधिकाताईंनी पाकीट टाकून दिलं, आता तपासता येणार नाही.

कोकिळा_ताराबाईपार्क · १२:३१
जवस बाबांना भिजवून द्यायचं का? मी अख्खंच रात्री भिजवते आणि सकाळी पाण्यासकट गिळते.

मीनल_नागाळा · १२:४०
अख्खं जवस नीट चावलं नाही तर बरंचसं तसंच बाहेर पडतं, आतलं काही मिळत नाही. भिजवल्यानं वरचा चिकट पदार्थ पाण्यात उतरतो, तो पोट साफ व्हायला उपयोगी, पण दाणा बंदच राहतो. दळलेलं घेतलेलं बरं.

कोकिळा_ताराबाईपार्क · १२:४४
मला तर भिजवूनच गुण आलाय, बद्धकोष्ठ गेलं. दळून खाल्लं की मला जड होतं.

दाणेबाजार_लक्ष्मीपुरी · १:०२
तुमचं बद्धकोष्ठ गेलं हे खरंच असेल, चिकट पाण्यानं तेवढं होतं. पण बाबांना जवस ज्यासाठी सांगितलंय, त्याला दळलेलंच लागेल.

राधिकाताई, एक वाटी जवस निवडून जाड बुडाच्या कढईत मंद आंचेवर पाच-सहा मिनिटं भाजा. हात सारखा हलता ठेवा. तीळ भाजल्यासारखं तडतडू लागलं आणि खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवलंत तर करपून कडू होतं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलंत तर तेल सुटून गोळा होतो. आठवड्याला लागेल एवढंच दळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. जुन्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या. आमच्या घरी यात लसणाच्या सात-आठ पाकळ्या, सुक्या मिरच्या, जिरं आणि मीठ घालून चटणी करतात, भाकरी आणि दह्याबरोबर. बाबांना बीपी आहे, म्हणून त्यांच्या वाटणीत मीठ नको. सुरुवातीला एक चहाचा चमचा दह्यात कालवून द्या, गोळ्यांपासून दीडदोन तास लांब. दिवसाला किती ते डॉक्टर सांगतील तेच.

राधिका_मंगळवारपेठ · १:२०
डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी दळलेलं जवस एक चमचा आणि दिवसभर पुरेसं पाणी असंच सांगितलं. कोरडं नको हे बाबांना मी सांगितलंय, त्यांनी मान डोलावली. कढई ठेवते. चिया आणि सब्जा घरात आहेत तर त्यांचं काय करू?

मीनल_नागाळा · १:३१
चियाचे दोन टेबलस्पून एक कप दुधात रात्री घालून फ्रिजमध्ये ठेव, सकाळी खिरीसारखं होतं, वर केळं चिरून. मुलांना आवडेल. सब्जा मात्र खायच्या आधी दहा मिनिटं पाण्यात, मग सरबतात किंवा फालुद्यात.

उन्हाळा_आला · १:३५
तेच मी मघापासून सांगतोय, सब्जा सरबतातच.

राधिका_मंगळवारपेठ · २:४८
चटणी झाली. बाबांची बिनमिठाची वेगळी काढली. पहिला घाणा जरा जास्त भाजला गेला, दुसरा छान खमंग उतरला. डब्यांवर स्केचपेनानं मोठ्या अक्षरात नावं लिहिली, झाकणावर नाही, डब्यावर, कारण झाकणं अदलाबदल होतात. वाटी ३ मधले निळसर दाणे चमच्यावर घेऊन पुन्हा पाहिले, सब्जाच वाटतात. पण माझ्या हाताकडून गेले की पुडीतच होते, ते अजून सांगता येत नाही.