अ‍ॅपवर 176, व्हॉट्सअ‍ॅपवर 141: एकाच थाळीचे दोन भाव बरोबर आहेत का?

प्रतापनगरची सुगरण: पाटवडी रस्सा, तीन पोळ्या, भात. सामान-गॅस 84, डबे-पिशवी 17, माझी मेहनत 40, असे 141. अ‍ॅपचं कमिशन 25 टक्के, म्हणून तेवढे वाढवून अ‍ॅपवर 176 लावले. तरी महिनाअखेर पैसे कमीच पडतात. शिवाय जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "ताई, हे दोन भाव काऊन?"

हिशेबी: ताई, कमिशन तुमच्या 141 वर नाही, 176 वर कापलं जातं. 176 चे 25 टक्के म्हणजे 44, आणि त्या 44 वर 18 टक्के जीएसटी, साधारण 8. हाती उरले 124. म्हणजे 17 गेले, बरोबर डब्या-पिशवीचे! शंभरातले 25 कमिशनचे आणि 4.50 जीएसटीचे जाऊन 70.50 च तुमचे असतील तर 141 ला 0.705 नं भागा. भाव येतो 200.

धरमपेठी: त्यापेक्षा पॅकिंगचे 17 वेगळे लावा, त्यावर कमिशन नसतं. आणि तो 18 टक्के जीएसटी परत मिळतो.

हिशेबी: माझ्या करारात पॅकिंग धरूनच कमिशन आहे. ताईंनी आठवड्याच्या पेआउटमधली एखादी ऑर्डर उघडून बघावी, लगेच कळेल. जीएसटी नंबरच नसेल तर परतावा कुठला? आणि नंबर असला तरी जेवणाच्या 5 टक्के दरात तो 18 टक्के परत मिळत नाही. गिऱ्हाईक जेवणावर 5 टक्के भरतो ते वेगळे, ते जानेवारी 2022 पासून अ‍ॅपच भरतं.

मानेवाड्याची काकू: मी तर बाप्पा महिन्याचा डबा देते, स्टीलचा. रोज धुऊन परत येतो. सतरा रुपये कायले घालवता?

प्रतापनगरची सुगरण: काकू, माझी रोजची नवी गिऱ्हाइकं. त्यांच्याकडून डबे परत कसे आणू?

सदरवाला: मी दोन भावांच्या विरोधात आहे. 200 ची थाळी 141 ला मिळते कळलं, की गिऱ्हाईक म्हणणार मला लुटलं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोचवतं कोण? माझा पोरगा गाडी काढतो, त्याचं पेट्रोल कुणी धरलं?

हिशेबी: पेट्रोलचं खरं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 141 "घरून नेल्यास" असं लिहा, पोचवण्याचे वेगळे घ्या. पण एकच भाव ठेवून अ‍ॅपचा खर्च व्हॉट्सअ‍ॅपवाल्यानं का भरायचा?

सदरवाला: कारण तो तुम्हाला आधी अ‍ॅपवरच सापडला होता.

प्रतापनगरची सुगरण: बरं, 200 लावले. आता अ‍ॅपवाले 20 टक्के सूट द्या म्हणतात.

हिशेबी: सूट कुणाच्या खिशातून, ते आधी विचारा. सगळी तुमची असेल तर 160 वर कमिशन जाऊन 112.80 हाती येतील. मेहनतीच्या 40 मधले 12 सुद्धा उरत नाहीत.

मानेवाड्याची काकू: आणि रस्सा उकळता भरू नका. वाफेनं झाकण उचलतं, तर्री पिशवीत सांडते, अन् गिऱ्हाइकाच्या परताव्याचे पैसे आपल्याच खात्यातून जातात. माझ्या भाचीचे गेले.

प्रतापनगरची सुगरण: माझेही दोनदा गेलेत, काकू. ते तर मी 141 मध्ये धरलेच नव्हते.