मदत हवी आहे: 'ने' दिसला की क्रियापद सकर्मक, हे कुठवर खरं?

सायली_तयारी
स्पर्धा परीक्षेचं व्याकरण करतेय. क्लासमध्ये एक युक्ती सांगितली होती: भूतकाळात कर्त्याला 'ने' लागला की सकर्मक, नाही लागला की अकर्मक. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलगा पळाला', इथपर्यंत झकास चाललं. पण सराव प्रश्नपत्रिकेत या चार वाक्यांनी दांडी उडवली:

वाऱ्याने दार उघडलं.
मी धडा शिकले.
मला चंद्र दिसला.
आजीने नातवाला दूध पाजलं.

उत्तरसूचीत क्रमाने अकर्मक, सकर्मक, अकर्मक, द्विकर्मक असं आहे. पहिली दोन त्या युक्तीत बसतच नाहीत. उत्तरं चुकीची छापलीत का?

बाळू_कोल्हापूर
युक्ती सोडा. क्रियापदाला 'काय' आणि 'कोणाला' विचारायचं. काय शिकले? धडा. सकर्मक. काय पाजलं? दूध. कोणाला? नातवाला. दोन उत्तरं, म्हणून द्विकर्मक. तिसरं मात्र चुकीचं छापलंय. काय दिसला? चंद्र. कोणाला? मला. म्हणजे तेही द्विकर्मकच की!

जोशीबाई
बाळू, पहिली दोन उत्तरं बरोबर, तिसऱ्यात फसलात. उत्तरसूची ठीक आहे.

सायली, वाक्य आधी वर्तमानकाळात न्या. 'मुलाने दार उघडलं'चं 'मुलगा दार उघडतो' होतं. 'ने' गळला, म्हणजे तो भूतकाळापुरता कर्त्याला चिकटलेला होता. आता वाऱ्याचं करून बघा. आपण 'वाऱ्याने दार उघडतं' म्हणतो. 'ने' जागचा हलला नाही, कारण तो कर्त्याचा नाहीच, दार कशामुळे उघडलं ते सांगणारा आहे. उघडण्याची क्रिया दाराचीच, दुसरं कर्म नाही, म्हणून अकर्मक. उघडणे, मोडणे, कापणे अशी क्रियापदं दोन्हीकडे चालतात. शब्द तोच, वाक्य बदललं की जात बदलते. त्यामुळे सुटं क्रियापद पाठ करून उपयोग नाही.

चंद्राचं वेगळं. 'पाहणे' घ्या: मी चंद्र पाहते, मी चांदणी पाहते. क्रियापद माझ्यामागे चालतं. 'दिसणे'ला मात्र मला चंद्र दिसतो, मला चांदणी दिसते. वर्तमानकाळातही क्रियापद चंद्राच्या नाहीतर चांदणीच्या मागे. म्हणून चंद्र कर्ता, आणि 'मला' म्हणजे फक्त कोणाला दिसला ते.

न्यूजर्सीकर_आई
माझा मुलगा 'मी पोळी खाल्लो' म्हणतो. मी 'खाल्ली म्हण' सांगते, तर तो म्हणतो, मग 'मी जेवलो' कसं चालतं? याला काय उत्तर द्यावं? (धाग्याशी संबंध नसेल तर सोडून द्या.)

जोशीबाई
संबंध आहे. तुमचा मुलगा नियमच लावतोय. 'जेवलो' अकर्मक, म्हणून कर्त्यामागे. 'खाणे' सकर्मक, म्हणून पोळीमागे. त्याला अजून गोंधळात टाकायचं असेल तर 'मी किल्ली विसरलो' सांगा. किल्ली कर्म आहे, तरी 'मी किल्ली विसरली' होत नाही. शिकणे, विसरणे, नेसणे अशी थोडी क्रियापदं सकर्मक असून भूतकाळात कर्त्यामागेच जातात. 'ती साडी नेसली', 'तिने साडी नेसली' नव्हे. सायलीचं दुसरं वाक्य याच घरातलं. इथे क्लासची युक्ती चालत नाही, बाळूंचा 'काय' चालतो.

सायली_तयारी
बाई, वाऱ्याचं डोक्यात बसलं. मग 'आईने बाळाला झोपवलं' द्विकर्मक का नाही? आणि 'दादा पुण्याला गेला'? दोन्हीत 'ला' आहे.

जोशीबाई
मूळ क्रियापदाकडे जा. बाळ झोपतं, इथे कर्म शून्य. आईने झोपवलं की बाळ हे एकच कर्म. नातू दूध पितो, इथे कर्म एक. आजीने पाजलं की नातू वाढला, म्हणून दोन. करवणारा माणूस आला की सहसा एक कर्म वाढतं. पुण्याला म्हणजे तिकडे, ते ठिकाण झालं, कर्म नव्हे. 'दादा तिकडे गेला' म्हणता येतं, पण 'आजीने तिकडे दूध पाजलं'मध्ये नातू हरवतो.

बाळू_कोल्हापूर
मान्य, पण पूर्ण नाही. 'मला भूक लागली'त भूक कर्ता म्हणायची? लागली ती मला, उपाशी मी!

भाषाविद्यार्थी_८
बाळूंची शंका रास्त आहे. काही अभ्यासक अशा वाक्यांत 'मला' हाच एक प्रकारचा कर्ता मानतात. 'मला स्वतःच्या घरी चंद्र दिसला'मध्ये 'स्वतःच्या' माझ्याकडे जातं, चंद्राकडे नाही. शालेय व्याकरण मात्र क्रियापद कुणामागे जातं तेवढंच बघतं. परीक्षेत तेच लिहा, सायली.

सायली_तयारी
लिहीन. एक शेवटचं, हे मलाच सुचलं: 'चावीने कुलूप उघडलं.' वर्तमानकाळात 'चावीने कुलूप उघडतं' होतं, आणि 'मी चावीने कुलूप उघडते' पण होतं. 'मी'ला भूतकाळातही 'ने' लागत नाही, मग 'मी' गाळला असेल तर ओळखायचं कसं?

जोशीबाई
त्या एकट्या वाक्यावरून नाही ओळखता येणार. आधी 'मी किल्ल्या चाळल्या' असं काही असेल तर सकर्मक, 'लाथेने नाही, चावीने उघडलं' असेल तर मीही अडखळेन.