चार तासांत पाच पानं: संवाद काढून व्हॉइसओव्हर लावावा का?

निम्माक्लॅप
शॉर्टफिल्मचं शूट पुढच्या रविवारी, गिरगावात चाळीतल्या एका खोलीत. खोली दुपारी २ ते ६ मिळालीय, सामान चढवणं-उतरवणं त्यातच. शेवटचा सीन पाच पानांचा आहे. वडिलांची खोली आपल्या नावावर व्हावी म्हणून भाऊ बहिणीकडे ना-हरकत कागदावर सही मागतो, ती भांडते आणि शेवटी सही करते. डीओपी म्हणतो, हे बसत नाही. संवाद काढ, बहिणीचा व्हॉइसओव्हर टाक आणि खाली मॉन्टाज. करू का?

कॉलशीटवाला
डीओपीला आजार बरोबर कळलाय, औषध अर्धंच ठाऊक आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर सामान चढवून पहिला शॉट लागेपर्यंत पाऊण तास जातो, आवरायला अर्धा. उरले पावणेतीन तास. पाच पानं म्हणजे पडद्यावर साधारण पाच मिनिटं. मास्टर, दोन सजेशन, दोन क्लोज असे पाच सेटअप आणि प्रत्येकाचे तीन टेक धरले, तर नुसता कॅमेरा चालू राहण्यातच सव्वा तास गेला. चार वेळा सेटअप बदलायचा. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा उलटा फिरवायचा म्हणजे स्टँड, लाइट, माणसं सगळी आधी गॅलरीत काढा आणि मग परत आत घ्या. वीस मिनिटांच्या खाली होत नाही. म्हणजे आणखी ऐंशी मिनिटं. शिल्लक दहा. एक नट एकदा अडखळला की संपलं.

पण मॉन्टाज म्हणजे फुकटात, असं समजू नकोस. त्यातला प्रत्येक शॉट नवा सेटअपच असतो. लिहिताना माणूस सहज लिहितो, ‘ती चौपाटीवर, ती लोकलच्या दारात’. लोकलमध्ये शूट करायला रेल्वेची परवानगी लागते, ती रविवारपर्यंत मिळत नसते. वाचतो तो फक्त आवाजाचा आणि ओठ जुळवण्याचा वेळ. तेव्हा सगळे शॉट खोली आणि गॅलरीतलेच ठेव, खिडकीच्या उजेडात, कॅमेरा हातात. असा शॉट दहा मिनिटांत होतो. आठाच्या वर लिहू नकोस.

आणि एक सांग, त्या चाळीत पाणी किती वाजता येतं?

रंगपट
माझा ठाम विरोध. दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांना मोडतात, हाच तर सीन आहे. तो काढून वर निवेदन लावायचं म्हणजे नाटकाच्या ऐन तिसऱ्या अंकात पडदा पाडून सूत्रधाराने गोष्ट सांगायची. चार दिवस तालीम करा, कॅमेरा कोपऱ्यात लावा आणि पाचही मिनिटं एका टेकमध्ये घ्या. सहा टेक घेतले तरी तासाभरात पॅकअप. नटांवर विश्वास नसेल तर नट बदला.

टाइमलाइनताई
रंगपट, तालमीचं पटतं. पण तुमचा एक टेक शेवटी माझ्याच टेबलवर येतो. गेल्या वर्षी असाच आला होता, पावणेसहा मिनिटांचा. पहिली तीन मिनिटं ढिली, शेवटची दोन अप्रतिम. कापायला जागाच नव्हती, कारण दुसरा अँगल नाही, हाताचा इन्सर्ट नाही, काही नाही. अखेर दिग्दर्शकाने ढिल्या भागावर व्हॉइसओव्हर चढवला. जे ठरवून करता आलं असतं ते नाइलाजाने झालं, आणि तसंच दिसलं.

क्लॅप, आता तुझं. बहिणीचा व्हॉइसओव्हर म्हटलं की लिहिणारा आपोआप भूतकाळात जातो: ‘त्या दिवशी दादाने कागद पुढे केला...’ मग ती सही करणार का, ही धाकधूक पहिल्याच वाक्याला संपते. सिनेमात आधी कुठे तिचं निवेदन नसेल तर शेवटच्या सीनला ते ठिगळासारखं दिसेल, ते वेगळंच.

तुझी पाच पानं घेऊन बस आणि बघ, कोणती वाक्यं नुसती माहिती सांगतात. भाडं कोण भरत होतं, आजारपणात कोण थांबलं, बिल्डर काय देणार. बहुधा साडेतीन पानं तीच निघतील. ती काढूही नकोस आणि निवेदनही करू नकोस. दोघांना एका शांत खोलीत बसवून ते भांडण नुसतं आवाजात रेकॉर्ड कर आणि चित्रांवर टाक. ओठ दिसत नाहीत, पण भांडण चालू आहे. जिथे तिचं मन फिरतं ते शेवटचं दीड पान मात्र सिंकमध्ये, समोरासमोर घे. बदलणारा चेहरा मॉन्टाजमध्ये सापडत नाही.

खोली_नंबर_१४
मी सिनेमातला नाही, पण आधी स्पष्ट सांगतो: बहिणीने सही करू नये! आमच्याकडे हेच झालं. आत्याने सही केली, पुढे पुनर्विकास आला आणि तिला कोणी विचारलंही नाही. तिला वकील गाठायला सांगा. मी लहान होतो, एवढंच आठवतं की बाबांनी कागद पुढे केला पण पेन द्यायला विसरले. आत्यानेच पर्समधून स्वतःचं पेन काढलं. झाकण उघडून बराच वेळ ते तसंच धरून बसली होती.

निम्माक्लॅप
१४ काका, सिनेमातल्या बहिणीला सांगतो :) पण ते पेन मी उचलतोय.

पाण्याचं विचारलं. चारला येतं, पाऊण तास. बादल्या, पिंपं, गॅलरीत आरडाओरड, काही ऐकू येत नाही.

कॉलशीटवाला
मग तुझं वेळापत्रक नळानेच लावून दिलंय. पावणेतीन ते चार सिंक: दीड पान, मास्टर आणि दोन क्लोज, बस. ते उरकलं की सगळ्यांना गप्प करून रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज घेऊन ठेव, नाहीतर दुसरीकडे रेकॉर्ड केलेलं भांडण या खोलीतलं वाटणार नाही. चारला पाणी आलं की मुके शॉट सुरू कर: पेन, कपाटावरच्या वडिलांच्या छत्रीचं हँडल, गॅलरीतून दिसणारी तिची पाठ. साडेपाचपर्यंत आठ होतात.

टाइमलाइनताई
भांडणाचा आवाज शूटच्या आधी मोबाइलवर तरी रेकॉर्ड कर आणि मोज. माझा अंदाज, साडेतीन पानांचं ते दोन मिनिटांवर आणावं लागेल. आठ शॉटवर त्याहून जास्त ताणलं तर प्रेक्षक चित्र बघायचं सोडतो. शॉट घेताना तोच ट्रॅक सेटवर वाजव, म्हणजे तिचा हात कोणत्या वाक्याला थांबतो ते तिलाही कळेल. आणि भाऊ ‘सही कर’ म्हणताना कागद दाखवू नकोस, तेव्हा छत्री दाखव.

रंगपट
बरं, पण साडेतीन पानांचं भांडण नटीने केलंच नाही, तर दीड पानात तिचा चेहरा बदलणार कुठून? ती थेट शेवटाला थंड चेहऱ्याने बसेल. तुमचं वेळापत्रक जुळेल, सीन नाही.

टाइमलाइनताई
हा मुद्दा खरा आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी असते तर पावणेतीनला कॅमेरा बंद ठेवून पूर्ण पाच पानं एकदा करायला लावली असती आणि लगेच शेवट घेतला असता. पाच-सात मिनिटं जातात.

कॉलशीटवाला
ती पाच-सात मिनिटं माझ्याकडे नाहीत. लाइट लागत असताना गॅलरीत करून घ्या.

रंगपट
गॅलरीत! शेजारच्या काकू लसूण सोलत बघतायत आणि ही रडतेय.

निम्माक्लॅप
काकूंना विचारतो. नाहीतरी त्यांच्याच खोलीत आम्ही सामान ठेवणार आहोत.