मदत हवी आहे : आत्याला लग्नाचं बोलावणं, पण फॉरवर्ड वाटू नये

होटगीरोडकर: बहिणीचं लग्न आहे, सोलापुरातच. आत्याला व्हॉट्सॲपवर बोलवायचंय. चार वेळा लिहिलं, पुसलं. दरवेळी पत्रिकेतलाच मजकूर होतोय. कुणीतरी नीट लिहून द्या, आजच पाठवायचंय.

माई_बार्शी: सख्खी आत्या? सख्ख्या आत्याला मेसेज कसला, घरी जाऊन अक्षत द्यायची!

होटगीरोडकर: वडिलांची चुलतबहीण हो. कल्याणला असते. आजी गेल्यापासून येणंजाणं नाही.

डिझाइनवाला: व्हिडिओ पत्रिका करा, सनईसकट. नाव टाकून देतो.

माई_बार्शी: अहो, तेच तर नकोय त्यांना!

चादरगल्ली: ब्रॉडकास्ट लिस्ट करा. प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो, कुणाला कळत नाही.

काका_सातरस्ता: जातो, पण ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच. आत्यांकडे नसेल तर बोलावणं पोचणारच नाही आणि मानपान निघेल तो वेगळाच. आधी सांगा, वडील फोन करणार आहेत का? आणि आत्यांची एखादी आठवण?

होटगीरोडकर: वडील म्हणतात तूच कळव. आठवण म्हणजे, आजी त्यांना परत जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड बांधून द्यायची. शनिवारी संध्याकाळी हळद, रविवारी दुपारी अक्षता.

काका_सातरस्ता: पहिला फोन वडिलांचाच हवा, दोन मिनिटांचा का होईना. बोलावणं बरोबरीच्या माणसाचं लागतं. त्यानंतर तुम्ही हे पाठवा :

"आत्या, नमस्कार. दादांचा फोन आलाच असेल. धाकटीचं लग्न ठरलंय. आजी तुमच्यासाठी कडक भाकरी बांधायची ते घरात अजून निघतं. शनिवारी हळदीलाच या, रविवारी अक्षतेपुरतं नको. काका, दोघं मुलं, सुना, सगळ्यांनी यायचं. शुक्रवारी रात्री कल्याणहून सिद्धेश्वर एक्सप्रेस धरलीत तर सकाळी स्टेशनवर मी उभा असेन. तिकिटं काढू का?"

"सहकुटुंब" लिहिलं की सुना धरल्या की नाही ते कळत नाही, म्हणून सगळी नावं घाला. पत्रिका मागाहून, आणि ग्रुपवरून पुढे ढकलू नका, वर "फॉरवर्डेड" दिसतं. गॅलरीतून जोडा.

माई_बार्शी: बाकी छान, पण तिकिटाचं नको. पैशाचा विषय काढल्यासारखं वाटतं. आमच्या नणंदेला असंच विचारलं तर "आम्हाला परवडतं" म्हणाली.

काका_सातरस्ता: लग्नसराईत आरक्षण मिळत नाही, म्हणून विचारायचं.

माई_बार्शी: मग "तिकीट झालं की कळवा, न्यायला येतो" लिहा. काम तेच, टोचत नाही.

चादरगल्ली: कार्यालय कुठलं? आमचंही मे महिन्यात बघतोय.

होटगीरोडकर: माईंचं वाक्य घेतो. वडील आत्ता फोनवर आहेत, पण आत्याच जास्त बोलतेय. सुनेचं नाव कुणाला विचारू? वडिलांनाही आठवत नाही.

डिझाइनवाला: फेसबुकवर बघा. आणि व्हिडिओचं सांगा, सवलत देतो.