ए/जी रेशो वाढला म्हणजे पोट वाढलं असं नाही

> ‘वजन चार किलोनं उतरलं, तरी ए/जी रेशो १.२५ चा १.२९ झाला. पोटावरची चरबी वाढली का?’

नाही भाऊ, घटलीच आहे. ए/जी रेशो म्हणजे डेक्सा स्कॅनमधल्या अँड्रॉइड भागातल्या चरबीच्या टक्क्यांना गायनॉइड भागातल्या टक्क्यांनी भागून येणारा आकडा. तुमचेच आकडे बघा: अँड्रॉइड, म्हणजे कमरेभोवतीचा पट्टा, ४० टक्क्यांवरून ३६ वर आला, गायनॉइड, म्हणजे नितंब-मांड्या, ३२ वरून २८ वर. ४० भागिले ३२ म्हणजे १.२५, ३६ भागिले २८ म्हणजे १.२९. दोन्हीकडे चारच टक्के गेले, पण खालचा आकडा लहान म्हणून भागाकार फुगला. त्यापेक्षा अँड्रॉइड फॅटचे ग्रॅम ताडून बघा.

लीन मास, म्हणजे चरबी आणि हाडं सोडून उरलेलं वजन, किलोभर घटलं म्हणून लगेच स्नायू गेले असं समजू नका. त्यात पाणीही मोजलं जातं. नागपुरात मे महिन्यात घाम गाळून स्कॅनला गेलात तर तेवढा फरक सहज पडतो. पुढचा स्कॅन त्याच मशीनवर, सकाळी उपाशीपोटी करा.